विश्लेषण : शार्प, ट्रेनर की इन्फर्मेशन रेशो? तीन फंड, तीन कसोट्या आणि ‘पहिला’ दर वेळी वेगळा

इक्विटी योजनांचा इन्फर्मेशन रेशो गुंतवणूकदारांना दिसेल अशा रीतीने जाहीर करा, असे ‘सेबी’ने जानेवारी २०२५ मध्ये म्युच्युअल फंड कंपन्यांना सांगितले. शार्प रेशो फॅक्टशीटमध्ये आधीपासून असतोच. काही संकेतस्थळे ट्रेनर रेशोही देतात. अडचण अशी की, फंडांची तीच यादी या तीन आकड्यांनुसार लावली, तर पहिला क्रमांक दर वेळी बदलू शकतो. असे का होते आणि आपण कोणता आकडा पाहायचा?

तिन्ही आकडे नेमके काय मोजतात?

तिन्हींचा प्रश्न एकच आहे : घेतलेल्या जोखमीच्या मानाने परतावा किती मिळाला? फरक आहे तो ‘जोखीम’ कशाला म्हणायचे, यात.

शार्प रेशोमध्ये फंडाच्या परताव्यातून जोखीममुक्त परतावा वजा करतात आणि उरलेल्या आकड्याला प्रमाण विचलनाने, म्हणजे परताव्यातील एकूण चढउताराने, भागतात. चढउतार बाजारामुळे झाला की फंडाने निवडलेल्या शेअर्समुळे, हे इथे पाहिले जात नाही.

ट्रेनर रेशोमध्ये वरचा आकडा तोच, पण भागायचे बीटाने. बीटा म्हणजे बाजाराबरोबर फंड किती हलतो, त्याचे माप. बीटा ०.७५ असेल, तर बाजार १० टक्के पडल्यावर फंडाचा कल सरासरी साडेसात टक्के पडण्याचा असतो. बाजाराशी संबंध नसलेला चढउतार ट्रेनर हिशेबातच धरत नाही.

इन्फर्मेशन रेशोमध्ये वरचा आकडाही बदलतो. तिथे फंडाने मानदंड निर्देशांकापेक्षा किती जादा दिले ते घेतात आणि हा फरक किती वरखाली होतो, म्हणजे ट्रॅकिंग एरर, त्याने भागतात.

जॅक ट्रेनर यांनी आपली कसोटी १९६५ मध्ये मांडली. विल्यम शार्प यांनी १९६६ मध्ये ३४ अमेरिकी फंड तपासताना आपले माप वापरले आणि त्याच लेखात ट्रेनर यांच्या मापाशी त्याची तुलनाही केली.

तीन फंडांत पहिला कोण?

समजा, जोखीममुक्त परतावा ६ टक्के आहे. निर्देशांकाने वर्षाला सरासरी १२ टक्के दिले आणि त्याचे प्रमाण विचलन १५ टक्के आहे. आता तीन काल्पनिक फंड पाहू.

• फंड ‘अ’ (फ्लेक्सी कॅप) : परतावा १४ टक्के, प्रमाण विचलन १६, बीटा १, ट्रॅकिंग एरर ५.६
• फंड ‘ब’ (औषध क्षेत्राचा) : परतावा १५ टक्के, प्रमाण विचलन २२, बीटा ०.७५, ट्रॅकिंग एरर १९.३
• फंड ‘क’ (निर्देशांकाला चिकटून चालणारा) : परतावा १३ टक्के, प्रमाण विचलन १५.१, बीटा १, ट्रॅकिंग एरर २

शार्प रेशोत ‘अ’ पहिला येतो. १४ वजा ६ म्हणजे ८, भागिले १६, उत्तर ०.५०. ‘क’ला ०.४६ आणि ‘ब’ला ०.४१ मिळतात.

ट्रेनरमध्ये ‘ब’ थेट तळातून वर येतो. १५ वजा ६ म्हणजे ९, भागिले ०.७५, उत्तर १२. ‘अ’ला ८ आणि ‘क’ला ७.

इन्फर्मेशन रेशोत ‘क’ जिंकतो. निर्देशांकापेक्षा एकच टक्का जादा, पण भागिले २ म्हणजे ०.५०. ‘अ’चा ०.३६, तर ‘ब’चा जेमतेम ०.१६.

आकडेमोड कुठेच चुकलेली नाही. तीन कसोट्यांनी तीन वेगळे प्रश्न विचारले, इतकेच.

मग ‘ब’ चांगला की वाईट?

ते उरलेले पैसे कुठे आहेत, यावर अवलंबून आहे. समजा, एका निवृत्त शिक्षिकेने आपले सगळे १० लाख रुपये एकाच फंडात ठेवले. त्यांच्यासाठी फंडाचा प्रत्येक चढउतार हा त्यांचाच चढउतार. परतावे साधारण घंटाकृती आलेखाप्रमाणे विखुरलेले मानले, तर सहा वर्षांतून सुमारे एक वर्ष सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाने किंवा त्याहून खाली जाते. त्या वर्षी ‘अ’मध्ये २ टक्के, म्हणजे २० हजार रुपये किंवा अधिक तोटा, ‘ब’मध्ये ७ टक्के, म्हणजे ७० हजार किंवा अधिक. इथे शार्पचेच ऐकावे.

आता दुसरी गुंतवणूकदार. तिचे ९० टक्के पैसे आधीच इंडेक्स फंडात आहेत आणि फक्त १० टक्के दुसरीकडे लावायचे आहेत. ते ‘अ’मध्ये टाकले, तर एकूण परतावा १२.२ टक्के होतो आणि प्रमाण विचलन १५ च्या आसपासच राहते. ‘ब’मध्ये टाकले, तर परतावा १२.३ टक्के होतो आणि प्रमाण विचलन १४.७५ पर्यंत उतरते. एकट्याने सर्वाधिक डोलणारा फंड मिसळल्यावर एकूण जोखीम कमी झाली! कारण ‘ब’चा बराचसा चढउतार बाजाराशी जोडलेला नाही आणि तो उरलेल्या ९० टक्क्यांत विरून जातो. मागे उरतो तो बीटा. ट्रेनर नेमके हेच मोजतो.

इन्फर्मेशन रेशोचा प्रश्न आणखी वेगळा आहे : निर्देशांक सोडून वेगळी वाट धरण्याचे व्यवस्थापकाने सातत्याने चीज केले का? इंडेक्स फंड घ्यावा की शुल्क मोजून सक्रिय फंड, हे ठरवताना तो उपयोगी पडतो. मात्र ‘क’सारखा फंड निर्देशांकापासून फारसा हलतच नाही. त्याचा रेशो चांगला असला, तरी हाती जादा येतो तो एकच टक्का.

आकडे कुठे फसवतात?

ट्रेनरचा सगळा डोलारा बीटावर उभा आहे आणि बीटा हा अंदाज असतो. तो किती भरवशाचा, हे आर-स्क्वेअर्ड या आकड्यावरून कळते. ‘ब’साठी तो सुमारे ०.२६ येतो, म्हणजे फंडाच्या चढउतारातील जेमतेम चौथा हिस्सा बाजारामुळे आहे. अशा वेळी तीन वर्षांच्या मासिक परताव्यांवरून काढलेला ०.७५ हा बीटा प्रत्यक्षात ०.३५ ते १.१५ या पट्ट्यात कुठेही असू शकतो. तो १.१५ असेल, तर ट्रेनर १२ वरून ७.८ वर घसरतो आणि ‘अ’ पुढे जातो. सोन्याच्या फंडाचा शेअर बाजाराशी बीटा शून्याच्या जवळ असतो. तिथे ट्रेनर अवाढव्य किंवा उणे येतो आणि त्याला काही अर्थ उरत नाही.

इन्फर्मेशन रेशोत गोम मानदंडाची. मिडकॅप शेअर्स भरलेला फंड लार्जकॅप निर्देशांकाशी तोलला, तर मिडकॅपच्या तेजीचे श्रेय व्यवस्थापकाच्या कौशल्याला जाते. तुलनेचा निर्देशांक फंडाच्या प्रकाराचा आणि लाभांश धरणारा, म्हणजे टोटल रिटर्न इंडेक्स, आहे ना, हे पाहावे.

शार्पमध्ये पाहायचा तो जोखीममुक्त दर आणि कालावधी. फॅक्टशीटच्या तळटिपेत तो दर दिलेला असतो. दोन फंडांचा दर किंवा महिना वेगळा असेल, तर तुलना चुकते. शिवाय परतावा जोखीममुक्त दरापेक्षा कमी असेल, तर रेशो उणे होतो आणि जास्त डोलणारा फंड उलट कमी वाईट दिसतो. त्या काळात या आकड्याने क्रम लावू नये.

क्रम लावण्यापूर्वी काय करावे?

आधी फंड आपल्या गुंतवणुकीत किती जागा घेणार, हे ठरवावे. तोच सर्वस्व असेल तर शार्प. मोठ्या, विखुरलेल्या गुंतवणुकीतील छोटा तुकडा असेल आणि आर-स्क्वेअर्ड पुरेसा असेल तर ट्रेनर. एकाच प्रकारच्या, एकाच मानदंडाच्या फंडांतून व्यवस्थापक निवडायचा असेल तर इन्फर्मेशन रेशो. औषध क्षेत्राचा फंड आणि फ्लेक्सी कॅप यांना मात्र इन्फर्मेशन रेशोच्या एकाच रांगेत उभे करू नये. त्यांचे मानदंड वेगळे असतात आणि त्यामुळे आकडेही परस्परांशी बोलत नाहीत.