फिल्मी जमतं, मग फिल्म का अडतं?

मी प्रौढांना बोलीभाषेतलं इंग्रजी शिकवते. संध्याकाळच्या वर्गात पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ येतात. परदेशातल्या नातवंडांशी मोकळेपणानं बोलता यावं एवढ्याचसाठी. परवा ‘रविवारी काय केलं’ हे सांगताना ते ‘फिलीम’ पाहिली म्हणाले. मी ‘फिल्म’ म्हणून दाखवलं, त्यांनी पुन्हा ‘फिलीम’ म्हटलं. तीनदा असं झालं आणि त्यांचा चेहरा पडला. मग मी विषय बदलला, धाकटी नात कशी आहे विचारलं. ते हसले. म्हणाले, “एकदम फिल्मी!”

‘फिल्मी’ अगदी स्वच्छ आलं. ल आणि म यांच्यात कसलाही स्वर नव्हता. म्हणजे जे जोडाक्षर त्यांना जमत नाही असं आम्ही दोघंही समजत होतो, ते त्यांच्या जिभेला चांगलंच येत होतं. अडत होतं ते फक्त शब्दाच्या शेवटी.

मराठीची ही सवय जुनी आहे. अरबी-फारसीतून आपल्याकडे ‘जुल्म’ आणि ‘हुक्म’ आले. आपण त्यांचे ‘जुलूम’ आणि ‘हुकूम’ केले. ‘जख्म’ची जखम झाली, ‘वज्न’चं वजन झालं. शेवटची दोन व्यंजनं एकत्र नकोत म्हणून मधे एक स्वर बसवला, आणि पुष्कळदा तो आधीच्या स्वराचाच जोडीदार निवडला: जु-लू-म, हु-कू-म. फि-ली-म याच चालीवर झालं आहे. आपल्या व्याकरणपरंपरेत अशा मधे शिरणाऱ्या स्वराला स्वरभक्ती असं सुंदर नाव आहे. हा दोष फक्त आपलाच आहे असंही नाही. आयर्लंडमध्ये जन्मापासून इंग्रजी बोलणारी कित्येक माणसं ‘फिलम’ म्हणतात, कारण त्यांच्या जुन्या आयरिश भाषेलाही ही जोडी सोडवून म्हणायची सवय आहे.

आता या शब्दांना प्रत्यय लावून पाहा. जुलूम, पण जुलमी. हुकूम, पण हुकमी एक्का. जखम, पण जखमी. पुढे स्वर आला की मधे बसवलेला स्वर उठून जातो आणि दोन व्यंजनं पुन्हा एकमेकांना चिकटतात. लिहिताना आपण ‘जुलमी’त पूर्ण ल लिहितो, पण बोलताना तो अर्धाच असतो: जुल्-मी. पुढे स्वर असला की एक व्यंजन मागच्या अक्षराला जातं, दुसरं पुढच्या, आणि ओझं वाटून घेतलं जातं. शेवटी मात्र दोघांचा भार एकाच अक्षरावर येतो. म्हणूनच ‘घर’ म्हणताना आपण शेवटचा अ गाळतो, पण ‘शब्द’, ‘मित्र’, ‘प्रश्न’ म्हणताना तो हलकासा ठेवतो. तो अ त्या जोडाक्षराचा टेकू असतो.

मग ‘वसंत’, ‘आनंद’, ‘मस्त’, ‘दोस्त’ शेवटी कसे जमतात? तोंडात काय होतं ते बघा. ‘वसंत’ म्हणताना न आणि त दोन्हींसाठी जीभ दातांपाशीच असते, तिला कुठे जावं लागत नाही. ‘मस्त’मधले स आणि तही जवळजवळ एकाच जागचे. त्यामुळे इंग्रजीतले ‘बँड’ किंवा ‘टेस्ट’ आपल्याला जड जात नाहीत. ‘फिल्म’मध्ये मात्र ल जिभेच्या टोकाचा आणि म ओठांचा. जीभ खाली आली आणि ओठ अजून मिटले नाहीत, असा एक क्षण मधे राहिला, तर त्या क्षणी गळ्यातला आवाज चालूच असतो. उघड्या तोंडातून बाहेर पडणारा आवाज म्हणजेच स्वर. ‘फिलीम’मधला तो ई कुणी मुद्दाम घालत नाही. दोन हालचालींमधल्या फटीतून तो बाहेर पडतो.

म्हणून उपाय एकच. ती फट बुजवायची. जीभ ल वर टेकलेली असतानाच ओठ मिटायचे. हे शब्दांत सांगून होत नाही, पण ‘फिल्मी’ म्हणताना आपण नेमकं हेच करत असतो. त्यामुळे तिथूनच सुरुवात करायची.

पहिली पायरी: ‘फिल्मी’ हा शब्द चारपाच वेळा नेहमीसारखा म्हणा. दुसरी: ‘फिल्’वर थांबून ल लांबवा, जीभ वर टेकलेलीच ठेवा, आणि ती न हलवता ओठ मिटून ‘मी’वर या. तिसरी: शेवटचा ई कुजबुजता करा, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलं आहे. चौथी: ई म्हणूच नका. ओठ मिटले की तिथेच थांबा आणि नाकातून म थोडा गुणगुणू द्या. तोंडून निघालेला शब्द ‘फिल्म’ असेल. माझ्या वर्गातल्या त्या गृहस्थांना दुसऱ्या पायरीला वेळ लागला, कारण ल लांबवताना जीभ खाली घसरत होती. ती एकदा टिकली, आणि पुढच्या दोन पायऱ्या त्याच संध्याकाळी झाल्या.

आपलं बरोबर आलं का, हे कानाला विचारू नये. कान पहिल्या भाषेच्याच तालमीत तयार झालेला असतो. जपानी भाषेत दोन वेगळी व्यंजनं सहसा अशी चिकटत नाहीत. 1999 मध्ये फ्रान्स आणि जपानमधल्या संशोधकांनी जपानी श्रोत्यांना ‘एब्झो’ असा बनावट शब्द ऐकवला. मधे स्वर नसतानाही त्यांना बहुतेक वेळा ‘एबुझो’ ऐकू आलं. फ्रेंच श्रोत्यांना तसं झालं नाही. म्हणजे शिकणाऱ्याने स्वर घातलेला असतो आणि तो त्याला ऐकूही येत नाही, किंवा घातलेला नसतानाही ऐकू येतो.

त्यापेक्षा हात आणि आरसा भरवशाचे. हनुवटीखाली हाताची पाठ आडवी धरा. ‘जुलूम’ म्हणताना हनुवटी दोन वेळा हलते. ‘फिल्म’ म्हणताना ती एकदाच हलायला हवी. दुसरी खूण ओठांची: शब्द संपल्यावर आरशात ओठ मिटलेले दिसले पाहिजेत. ते उघडले असतील तर शेवटी ‘शब्द’मधल्यासारखा अ डोकावला आहे. ही चूक ‘फिलीम’पेक्षा बारीक, आणि सुशिक्षितांत जास्त आढळते.

आता थोडं अवघड उदाहरण घेऊ. इंग्रजीत ‘विचारलं’ यासाठीचा शब्द लिहिताना शेवटी ‘ईडी’ येतात, म्हणून आपण ‘आस्केड’ म्हणतो. उच्चार मात्र ‘आस्क्ट्’ असा एकाच अक्षराचा आहे. स, क आणि ट अशी तीन व्यंजनं एकापाठोपाठ, आणि जीभ पुढे, मागे, पुन्हा पुढे. इथेही मराठीत साठा आहे. पहिली जोडी ‘मस्का’मध्ये आहे, दुसरी ‘एकटा’मध्ये. ‘एकटा’ हळूच म्हणा आणि क कडे लक्ष द्या. तो फुटत नाही. जिभेची पाठ वर टेकते, ती सुटायच्या आधीच टोक ट ला टेकतं, आणि मग ट फुटतो. ‘आस्केड’मध्ये नेमकी चूक हीच होते: क आधीच फोडला जातो आणि फटीतून ए निसटतो.

तेव्हा क्रम असा: मस्का, मग ‘आस्का’, मग ‘एकटा’ची जोडी लावून ‘आस्कटा’, आणि शेवटी आ कुजबुजत काढून टाकून ‘आस्क्ट्’. इथे तपासणी गळ्यावर करता येते. घशाच्या घाटीवर दोन बोटं ठेवा. सुरुवातीच्या आ ला गुणगुण लागेल. त्यानंतर स, क, ट या तिन्ही अघोष व्यंजनांत गळा शांत राहायला हवा. मधेच बोटांना कंप जाणवला तर स्वर शिरला. ‘फिल्म’ला ही तपासणी चालत नाही, कारण ल आणि म दोन्ही घोष आहेत आणि गळा शेवटपर्यंत थरथरतच राहतो.

काही जागी व्यंजन गाळलंही चालतं, पण कुठलं, हे ठरलेलं आहे. ‘टेक्स्ट्स’ म्हणताना इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही भरभर बोलण्यात मधला ट सोडतात आणि ‘टेक्स्’ म्हणताना शेवटचा स जरा लांबवतात. ‘आस्क्ट्’चं ते ‘आस्ट्’ करतात. दोन व्यंजनांच्या मधे अडकलेलं, क्षणभर अडून फुटणारं व्यंजन गेलं तर ऐकणाऱ्याचं काही बिघडत नाही. टोकाचं मात्र शिकणाऱ्याने सोडू नये. ‘टेक्स्ट्स’मधला शेवटचा स अनेकवचन सांगतो, ‘आस्क्ट्’मधला ट भूतकाळ. थकलेला विद्यार्थी बहुधा तेच गाळतो, कारण ते शेवटी असतं. मग ‘काल विचारलं’ हे ‘विचारतो’ असं ऐकू जातं.

ही रीत शब्दाच्या शेवटासाठी आहे. सुरुवातीच्या जोडाक्षरांना ती उलटी चालवावी लागते, आधार पुढून घेण्याऐवजी मागून. हिंदी बोलणाऱ्या अनेकांचं ‘इस्कूल’ होतं. त्यांना मी ‘बस कूल’ असे दोन शब्द जोडून म्हणायला सांगते, मग ‘ब’ कमी करत न्यायला, आणि स मात्र लांबच ठेवायला. ‘स्त्री’ आणि ‘स्पर्श’ घरचेच असल्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

सुटा शब्द जमला की तो वाक्यात न्यायचा, आणि वाक्यही निवडून घ्यायचं. ज्याच्या पुढचा शब्द स्वराने सुरू होतो, असं. ‘फिल्म इज’ एका श्वासात म्हटलं की त्याचं ‘फिल्-मिज’ होतं, ‘आस्क्ट् अस’चं ‘आस्क्-टस’ होतं. शेवटचं व्यंजन पुढच्या स्वरावर जाऊन बसतं आणि जिभेला तिची ओळखीची ‘जुलमी’ची जागा परत मिळते. पुढे व्यंजन येणारी वाक्यं त्यानंतर.

त्या गृहस्थांचं ‘द फिल्म इज लाँग’ आता नीट येतं. ‘द फिल्म वॉज’ म्हणताना अजून कधीकधी ई डोकावतो. तो आला की ते स्वतःच थांबतात, हनुवटीखाली हात धरतात, आणि ‘फिल्मी’पासून पुन्हा सुरू करतात.