रडू न येणारे दुःख

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाणाऱ्यांवर वाघाचे हल्ले होतात, आणि अशा आकस्मिक मृत्यूनंतर घरातील एखादी व्यक्ती आक्रोश करण्याऐवजी निर्विकार होते व 'काहीच वाटत नाही' एवढेच सांगते. नातलगांना ही स्थिती कठोरपणाची वाटते आणि 'हिला रडवा' असा आग्रह सुरू होतो. मानसशास्त्र मात्र तिला भावनिक बधिरता म्हणते. या अवस्थेत आनंद, दुःख, राग आणि माया या सर्वांचीच तीव्रता एकदम घटते.

बधिरता म्हणजे भावनांचा अभाव नव्हे. मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची वर्दी देतो आणि कपाळामागील भाग त्या वर्दीला आवर घालतो; काही आघातग्रस्तांच्या मेंदूच्या प्रतिमांमध्ये हा आवर प्रमाणाबाहेर वाढलेला आढळला आहे. असह्य वेदनेपासून बचाव करणारी ही यंत्रणा वेदना तेवढी निवडून रोखू शकत नाही, त्यामुळे लेकराला जवळ घेतल्याचा आनंदही तिच्याखाली दबतो. आघातानंतरच्या पहिल्या दिवसांत ही अवस्था सर्रास आढळते आणि बहुतेकांच्या बाबतीत आपोआप ओसरते. म्हणूनच घडलेला प्रसंग लगेच सविस्तर वदवून घेण्याची पद्धत वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये सुचवले.

बधिरता टिकून राहते तेव्हा काय करावे, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. ब्रह्मपुरी तालुक्यातील एका स्त्रीचा पती वाघाच्या हल्ल्यात गेला असून सात महिन्यांनंतरही ती यंत्रवत स्वयंपाक करते, शेजारणींबरोबर शेतावर कामाला जात नाही आणि दिवाळीनंतर गावात झाडीपट्टीचे नाटक आले, तरी रात्रभर मंडपात बसूनही तिच्या मनावर काहीच उमटत नाही, असे समजू. जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर तीव्र ओढ किंवा त्याच व्यक्तीचा अखंड विचार आणि त्यासोबत अशी बधिरता सहा महिन्यांहून अधिक टिकून दैनंदिन जीवन विस्कळीत झाले, तर रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती त्याला 'प्रदीर्घ शोक विकार' मानते. नैराश्याच्या बाबतीत मात्र उत्साह आणि रस मावळल्याची लक्षणे दोन आठवडे टिकली, तरी तपासणी आवश्यक ठरते.

अशा स्त्रीला 'आधी बरे वाटू दे, मग बाहेर पड' असे सांगणे उलटे ठरते, कारण बाहेर न पडल्याने सुखद अनुभव मिळत नाहीत आणि ते न मिळाल्याने मन अधिकच आक्रसते. हे चक्र मोडण्यासाठी 'वर्तन सक्रियकरण' ही पद्धत वापरतात, जिच्यात भावनेची वाट न पाहता कृती आधी केली जाते. पहिल्या आठवड्यात केवळ नोंद ठेवायची, म्हणजे दिवसभरात कोणत्या वेळी काय केले आणि तेव्हा मन शून्य ते दहापैकी किती हलले, हे स्वतः लिहायचे किंवा मुलीकडून लिहवून घ्यायचे. त्या नोंदीत बहुतेक ठिकाणी शून्य असताना शेळ्यांना पाला घालताना दोन आढळले, तर पुढच्या आठवड्यात तेच काम ठरलेल्या वेळी आणि शेजारणीच्या सोबतीने करायचे. सोबतच शरीराच्या संवेदनांकडे अल्पकाळ लक्ष द्यायचे, जसे की हातावरच्या पाण्याचा गारवा किंवा चुलीची ऊब. भावना पुष्कळदा छातीतील जडपणा, घशातील आवंढा अशा शारीरिक खुणांतूनच प्रथम ओळखू येतात. मात्र त्यामुळे घाबरे झाले वा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला, तर थांबून भोवतालच्या वस्तूंकडे नजर वळवावी.

वर्तन सक्रियकरणाचा भक्कम पुरावा शेजारच्या गोव्यातील आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' संस्थेने प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी 64 टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले होते, तर नेहमीचे सुधारित उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. हा अभ्यास नैराश्याचा होता. आघातोत्तर विकारात मात्र तज्ज्ञांच्या देखरेखीखालील वेगळे उपचार लागू शकतात. नैराश्यावरील काही औषधांमुळेही भावना बोथट होतात, म्हणून ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे. आत्महत्येचे विचार येत असतील, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे किंवा 14416 या टेलि-मानस क्रमांकावर बोलावे.

सुधारणेची पहिली खूण बहुधा आनंद नसते. अनेक महिन्यांनी त्या स्त्रीला अचानक रडू फुटले किंवा वनखात्यावर संताप आला, तर घरच्यांना प्रकृती बिघडल्यासारखे वाटेल. परंतु आवर सैल होत असल्याचे ते लक्षण असू शकते, आणि अशा वेळी तिला गप्प करण्याऐवजी ठरलेली कामे चालू ठेवून सोबत बसणे अधिक उपयोगी ठरते.