पन्नास हजारांवरचे चारशे रुपये

सोलापूरच्या एका छोट्या घाऊक व्यापाऱ्याला हैदराबादहून टॉवेलची ऑर्डर आली, असं धरून चालू. १२० रुपयांचे ४०० नग, म्हणजे ४८ हजारांचा माल. परराज्यात जाणारा करपात्र माल ५० हजारांच्या वर गेला की ई-वे बिल लागतं, हे बाजारात सगळ्यांना पाठ आहे. मग ४८ हजारांच्या गाठी नुसत्या बिलावर रवाना होतात आणि गफलत होते ती इथेच. ही मर्यादा मोजताना करसुद्धा धरायचा असतो. टॉवेलवर ५ टक्क्यांनी २,४०० रुपये आयजीएसटी लागतो, बेरीज ५०,४००. म्हणजे ई-वे बिल काढावंच लागणार.

त्याआधी बिल नीट हवं. खरेदीदाराच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे त्याचं राज्य सांगतात. महाराष्ट्राचे २७, तेलंगणाचे ३६. माल एका राज्यातून दुसऱ्यात विकला की बिलावर आयजीएसटी एकटाच येतो. रोज गावातल्याच दुकानदारांची बिलं करणारा मुनीम सवयीने सीजीएसटी आणि एसजीएसटी असे अडीच-अडीच टक्के लावून मोकळा होतो. रक्कम तीच दिसते, पण कर चुकीच्या खात्यात जातो. योग्य कर पुन्हा भरावा लागतो आणि आधी भरलेल्याच्या परताव्यामागे धावावं लागतं. बिलावर मालाचा एचएसएन क्रमांक (टॉवेलसाठी ६३०२) आणि पुरवठ्याचं ठिकाण म्हणून तेलंगणाचं नावही हवं. बिलाच्या तीन प्रती निघतात: पहिली खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी स्वतःच्या दप्तराची. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला मात्र परराज्यात माल विकताच येत नाही.

ई-वे बिलाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बिलाचा क्रमांक, मालाची किंमत, पाठवणारा आणि घेणारा असा तपशील जातो. तो व्यापारी भरतो आणि तिथेच ट्रान्सपोर्टवाल्याचा क्रमांक टाकतो. दुसऱ्या भागात गाडीचा नंबर. गाठी दुकानातून टेम्पोने सोलापुरातल्याच ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला जातात, तेव्हा दुसरा भाग रिकामा असला तरी चालतं, कारण राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरपर्यंत ही सूट आहे. पण हैदराबादचा ट्रक गोडाऊनबाहेर पडताना त्याचा नंबर भरलेलाच हवा. वाटेत माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवला, तर पुढे निघण्याआधी नवा नंबर. भाग दोन कोरा असलेला कागद हातात घेऊन 'ई-वे बिल आहे की' म्हणणाऱ्या ड्रायव्हरचा इलाज चालत नाही. तो कागद रस्त्यासाठी वैधच नसतो. म्हणून माल निघाल्यावर व्यापाऱ्याने पोर्टलवर गाडीचा नंबर चढला की नाही, हे स्वतः पाहावं. ट्रान्सपोर्टवाल्यावर सोडून देण्याइतकी ही बाब किरकोळ नाही.

मुदतीचं घड्याळही दुसरा भाग पहिल्यांदा भरला की सुरू होतं. साध्या मालवाहतुकीसाठी दर २०० किलोमीटरला किंवा उरलेल्या अंतराला एक दिवस मिळतो. सोलापूर ते हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. सोमवारी दुपारी नंबर भरला, तर पहिला दिवस मंगळवारी मध्यरात्री संपतो आणि दुसरा बुधवारी मध्यरात्री. उमरग्यापुढे ट्रक बंद पडला आणि वेळ निघून चालली, तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत कारण देऊन ती वाढवता येते. ते आठ तासही गेले, की माल विनापरवाना उभा असल्यासारखाच.

जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले, पण भरारी पथकं महामार्गावर कुठेही गाडी थांबवतात. नावातली स्पेलिंगची चूक किंवा गाडीच्या नंबरातला एखाद-दुसरा आकडा चुकला असेल, तर २०१८च्या परिपत्रकाप्रमाणे १,००० रुपये दंडावर भागतं. ई-वे बिलच नसेल, तर माल आणि गाडी दोन्ही अडकतात. मालक पुढे आला तर दंड कराच्या दुप्पट, म्हणजे आपल्या टॉवेलवर ४,८००. मालक पुढे आला नाही तर मालाच्या किमतीच्या निम्मा किंवा कराच्या दुप्पट, यांतला जो जास्त असेल तो. इथे २४ हजार.

मालक कोण, हे ठरवताना ट्रकमधलं बिल कामी येतं. बिल सोबत असेल, तर पाठवणारा किंवा घेणारा मालक मानला जातो. ते नसेल, तर मालक कोण हे अधिकारी ठरवतो. दंडाची नोटीस गाडी अडवल्यापासून सात दिवसांत आणि आदेश नोटिशीनंतर सात दिवसांत यायला हवा. दंड किंवा तेवढ्या रकमेची हमी भरेपर्यंत गाठी तिथेच पडून राहतात.