हजार डॉलरचे रुपये किती?

कोल्हापुरात घरी बसून वेबसाइट बांधणाऱ्या एका तरुणीचं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या एका दवाखान्याची वेबसाइट तिनं फ्रीलान्स प्लॅटफॉर्मवरून मिळवली. मोबदला ठरला १००० डॉलर. काम पसंत पडलं, क्लायंटनं पैसे मोकळे केले. मोबाइलवर पाहिलं तर त्या दिवशी बाजारात डॉलर ८५ रुपयांना होता. (आकडा हिशेबाला सोपा जावा म्हणून घेतला आहे, आजचा भाव वेगळा असेल.) म्हणजे ८५,००० रुपये व्हायला हवेत. खात्यात जमा झाले ७३,५६८. मधले ११,४३२ रुपये कोणी घेतले, त्यातले कोणते परत मिळतात आणि कोणते कायमचे गेले, हे तिला एकाच कागदावर कुठंही दिसत नाही. ते आपण मांडून पाहू.

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात उघड कपात प्लॅटफॉर्मची. अपवर्कनं २०२३ मध्ये सरसकट दहा टक्के फी केली होती. २०२५ पासून ती कामागणिक शून्य ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान बदलते आणि प्रस्ताव पाठवतानाच किती लागेल ते दिसतं. फायवर वीस टक्के घेतं. आपल्या उदाहरणात दहा टक्के धरू, म्हणजे १०० डॉलर. हे जास्त की कमी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. क्लायंट शोधून देणं, पैसे आधी अडकवून ठेवणं आणि तंटा झाला तर मध्ये पडणं याची ती किंमत आहे आणि ती काम घेण्याआधीच माहीत असते.

त्या १०० डॉलरच्या खाली १८ डॉलरची आणखी एक ओळ असते, तिच्याकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. हा प्लॅटफॉर्मच्या फीवरचा १८ टक्के जीएसटी. परदेशी कंपनीनं इथल्या, जीएसटी नोंदणी नसलेल्या माणसाला ऑनलाइन सेवा दिली की हा कर कंपनीनं गोळा करून भारत सरकारला भरायचा असतो. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हा कर आपल्या कमाईवर नाही. आपण परदेशी क्लायंटला दिलेली सेवा ही निर्यात आहे. हा कर आपण प्लॅटफॉर्मकडून विकत घेतलेल्या सेवेवर आहे.

जीएसटी क्रमांक घेऊन प्लॅटफॉर्मवर नोंदवला तर हे १८ डॉलर कापले जात नाहीत. मग सगळ्यांनीच नोंदणी करावी का? तसं नाही. नोंदणीनंतर तोच कर रिव्हर्स चार्ज म्हणून स्वतः रोख भरावा लागतो, मग त्याचं क्रेडिट घेऊन परताव्यासाठी अर्ज करावा लागतो. निर्यातीवर कर न भरता बिल करता यावं म्हणून दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र द्यावं लागतं आणि विवरणपत्रं वेळेवर भरावी लागतात. दर महिन्याला असं एक काम धरलं तर वर्षाचे २१६ डॉलर, म्हणजे साधारण १८,००० रुपये वाचतात. तेवढे सीएच्या फीमध्ये सहज जातात. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल आणि इतर काही कारण नसेल, तर माझ्या मते फक्त या १८ डॉलरसाठी नोंदणीच्या भानगडीत पडू नये.

पुढची ओळ टीडीएसची. ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मवरून विकणाऱ्या भारतीय विक्रेत्याच्या एकूण रकमेवर हा कापला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर एक टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला. म्हणजे आपल्या उदाहरणात एक डॉलर. हा पैसा गेलेला नसतो, विवरणपत्र भरताना आपल्या करातून तो वजा होतो. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल तर मात्र पाच टक्के कापले जातात. तेव्हा ही ओळ अचानक मोठी दिसली तर आधी पॅन तपासावा.

या एका डॉलरला पैशापेक्षा वेगळंच महत्त्व आहे. तो १००० डॉलरवर कापला जातो, ८८१ वर नाही. साहजिकच आयकर खात्याकडच्या आपल्या नोंदीत पूर्ण ८५,००० रुपयांची उलाढाल दिसते. पुष्कळ जण बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून खात्यात जमा झालेले रुपयेच उत्पन्न म्हणून लिहितात. मग दोन आकडे जुळत नाहीत आणि नोटीस येते. बरोबर पद्धत अशी की उत्पन्न पूर्ण दाखवायचं आणि प्लॅटफॉर्मची फी खर्च म्हणून दाखवायची. निम्मी जमा हाच नफा मानण्याची अंदाजित उत्पन्नाची सवलत ज्यांच्या व्यवसायाला लागू होते आणि जे ती घेतात, त्यांनी तर ती निम्मी रक्कम पूर्ण जमेवरच काढायची. फी आधी वजा करून उरलेल्याचं निम्मं करायचं नाही.

इथवर उरले ८८१ डॉलर. स्थानिक बँकेत पैसे काढण्याची फी साधारण एक डॉलर, म्हणून ८८०. बाजारभावानं त्याचे ७४,८०० रुपये होतात. पण प्लॅटफॉर्मनं डॉलरला ८३ रुपये ६० पैसे दिले, म्हणून मिळाले ७३,५६८. फरक १,२३२ रुपयांचा. ही रक्कम ‘फी’ या नावाखाली कुठंच छापलेली नाही. आडत्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई, अडत सगळं लिहिलेलं असावं आणि भाव मात्र त्यानं आपल्या मनानं लावलेला असावा, तसा हा प्रकार.

मोबाइलवर शोधल्यावर जो भाव दिसतो तो खरेदी आणि विक्री या दोन दरांच्या मधला असतो. बँका मोठ्या रकमा एकमेकींत साधारण त्या भावानं फिरवतात. आपल्यासारख्याला बँक किंवा पैसे पाठवणारी कंपनी त्याखाली काही पैसे ठेवून दर देते. तीच तिची कमाई. बाहेरून डॉलर आले की बँक जो दर लावते त्याला टीटी बाइंग रेट म्हणतात. तो बँक रोज कार्ड रेटच्या यादीत जाहीर करते. प्लॅटफॉर्मचा दर मात्र पैसे काढण्याचं बटण दाबण्याच्या पडद्यावरच दिसतो आणि बटण दाबलं की ठरतो. काम कधी केलं, क्लायंटनं पैसे कधी मोकळे केले, याचा त्या दराशी संबंध नाही. त्यामुळे डॉलर चढेल म्हणून पैसे प्लॅटफॉर्मवर ठेवणारेही भेटतात. ती सट्टेबाजी आहे आणि घरखर्चाच्या पैशावर करू नये.

हा लपलेला खर्च ओळखायला एकच भागाकार पुरतो. खात्यात जमा झालेले रुपये भागिले काढलेले डॉलर. आपल्या उदाहरणात ७३,५६८ भागिले ८८१, म्हणजे साडेत्र्याऐंशी. काढण्याची फी आणि दरातला फरक दोन्ही यात येतात. त्याच वेळचा बाजारभाव शेजारी लिहायचा. फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. तीन-चार टक्के जात असतील तर दुसरा मार्ग बघायची वेळ आली. ‘शून्य फी’ अशी जाहिरात करणाऱ्या सेवेला हाच भागाकार लावून पाहावा. बहुतेक वेळा फी दरात मुरवलेली सापडते.

दुसरा मार्ग म्हटलं की जाणकार मंडळी डॉलर वायरनं थेट बँकेत मागवायचा सल्ला देतात, कारण बँकेचा दर बरा असतो. तो सल्ला तपासून पाहू. वायरची फी ५० डॉलर धरू. स्विफ्टच्या वाटेवर मधली बँक आणखी पंधराएक डॉलर काढून घेते आणि आधी सांगत नाही. ८८१ चे उरले ८१६. बँकेनं ८४ रुपये ३० पैशांचा दर दिला, झाले ६८,७८९ रुपये. त्यातून बँकेचं शुल्क करासह २९५ रुपये गेलं. चलन बदलण्याच्या सेवेवर वेगळा जीएसटी लागतो. एक लाखापर्यंत रकमेचा एक टक्का हे सेवेचं मोल मानतात आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे इथं १२४ रुपये. हातात आले ६८,३७०. दर चांगला मिळूनही पाच हजारांचा तोटा.

ठोक शुल्क मोठ्या रकमेवर विरघळतं, हे खरं. याच आकड्यांनी मोजलं तर साधारण ९,००० डॉलरला दोन्ही मार्ग सारखे पडतात. त्याच्यापुढे वायर स्वस्त. एवढी रक्कम एका वेळी येत असेल तर शाखेतल्या परकीय चलन विभागाशी बोलावं, कारण मोठ्या रकमेला कार्ड रेटपेक्षा चांगला दर मागता येतो. न मागणाऱ्याला कोणी तो आपण होऊन देत नाही. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर बँकेत ईईएफसी खातं उघडता येतं. मात्र त्यावर व्याज नाही आणि एका महिन्यात आलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरली नाही तर रुपयांत बदलावीच लागते.

वायरचा एक फायदा मात्र छोट्या रकमेलाही आहे, तो कागदाचा. बँक परदेशातून पैसे आल्याचा दाखला देते, त्याला एफआयआरए म्हणतात. कशासाठी पैसे आले त्याचा परपज कोडही त्यावर असतो, सॉफ्टवेअर सल्लागारीचा असेल तर पी०८०२. प्लॅटफॉर्मकडून रुपयांत आलेली रक्कम पासबुकात साध्या एनईएफटीसारखी दिसते, कुठल्या तरी भारतीय मध्यस्थाच्या नावानं. उद्या जीएसटीचा परतावा मागताना किंवा कर्ज काढताना ‘हे निर्यातीचे पैसे आहेत’ असं नुसतं तोंडानं सांगून चालत नाही. म्हणून पैसे पोचवणाऱ्या मध्यस्थाकडे किंवा त्याच्या बँकेकडे प्रत्येक रकमेचा दाखला मागून घ्यावा आणि प्लॅटफॉर्मवरचं बिल, व्यवहाराची यादी यांच्यासोबत महिन्याच्या महिन्याला उतरवून ठेवावा. दोन वर्षांनी मागायला गेलं तर खूप खेटे पडतात.

आता आपल्या ११,४३२ रुपयांची फोड अशी झाली. फी ८,५००, तिच्यावरचा जीएसटी १,५३०, टीडीएस ८५, काढण्याची फी ८५ आणि दरातला फरक १,२३२. यातले टीडीएसचे ८५ परत मिळतात. दरातले काही शे रुपये मार्ग बदलून वाचू शकतात. बाकीचे दहा हजार जाणारच आहेत, ते वाचवायची जागा प्रस्तावातल्या किमतीत आहे, पैसे काढण्याच्या पडद्यावर नाही. कोल्हापूरच्या तरुणीच्या हातात खरोखर ८५,००० रुपये पडायचे असतील तर तिनं क्लायंटला १००० नव्हे, ११५६ डॉलर सांगायला हवे होते.