पट्टा की थेट मोटर? वॉशिंग मशीनचा आवाज आणि आयुष्य

वॉशिंग मशीनचा ड्रम फिरवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मोटर टबच्या खाली असते आणि रबरी पट्टा तिची गती ड्रमच्या मागच्या मोठ्या पुलीपर्यंत पोचवतो. याला बेल्ट ड्राइव्ह म्हणतात. दुसरीत पट्टाही नसतो आणि पुलीही नसते. मोटर ड्रमच्या मागे, त्याच्याच दांड्यावर बसवलेली असते. ती जितके फेरे घेते तितकेच ड्रम घेतो. हा डायरेक्ट ड्राइव्ह. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल कंपनीने 1991 मध्ये या पद्धतीचे मशीन बाजारात आणले. दक्षिण कोरियाच्या एलजीने 1998 पासून तिचा अवलंब केला आणि भारतात ही पद्धत प्रामुख्याने त्या कंपनीमुळे माहीत झाली.

दुकानात या नावांबरोबर ‘इन्व्हर्टर’ हा तिसरा शब्द कानावर पडतो आणि इन्व्हर्टर म्हणजेच डायरेक्ट ड्राइव्ह असा समज होतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्राइव्ह म्हणजे गती ड्रमपर्यंत कशी पोचते ते, तर इन्व्हर्टर म्हणजे मोटरला वीज कशी पुरवली जाते ते. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही. मशीनमधला इन्व्हर्टर हे एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड असते. ते घरातल्या विजेचे आधी डीसीत रूपांतर करते आणि त्यातून मोटरला हव्या त्या वेगाची तीन फेजची वीज तयार करून देते. त्यामुळे मोटरचा वेग अगदी बारकाईने कमी-जास्त करता येतो. घरगुती डायरेक्ट ड्राइव्ह मशीनला हे बोर्ड लागतेच. पण पट्ट्याच्या अनेक नव्या मशीनमध्येही इन्व्हर्टर मोटर असते. म्हणजे फ्रंट लोड मशीन घेणाऱ्यापुढे दोन नव्हे, तीन पर्याय असतात: जुन्या पद्धतीची कार्बनची मोटर आणि पट्टा, इन्व्हर्टर मोटर आणि पट्टा, किंवा इन्व्हर्टर मोटर थेट ड्रमवर.

मोटरच्या फेऱ्यांचा हिशेब

मिनिटाला 1200 फेऱ्यांनी कपडे पिळणारे सात किलोचे फ्रंट लोड मशीन उदाहरणादाखल घेऊ. पट्ट्याच्या मशीनमध्ये मोटरवरची पुली दोन-अडीच सेंटिमीटरची, तर ड्रमची पुली जवळपास वीतभराहून मोठी असते. मोटरचे साधारण बारा फेरे झाले की ड्रमचा एक होतो. ड्रमला 1200 फेरे द्यायचे तर मोटरला मिनिटाला 14,400 फेरे घ्यावे लागतात. पूर्ण वेगाची पिळणी पाच मिनिटे चालली, तर ड्रमचे फेरे होतात 6,000 आणि मोटरचे 72,000.

जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज पोचवण्यासाठी दोन कार्बन त्याला सतत घासत असतात. मिक्सरच्या मोटरमध्ये असतात तसेच हे कार्बन. इतक्या वेगाने घासताना ते झिजतात, बारीक ठिणग्या उडतात आणि चिरका आवाज येतो. इन्व्हर्टर मोटरमध्ये फिरत्या भागावर कायमचे चुंबक असतात, त्यामुळे तिथे वीज पोचवावी लागत नाही. कार्बन नाहीत म्हणून त्यांची झीज नाही आणि त्यांचा आवाजही नाही. हा फायदा पट्टा असो वा नसो, इन्व्हर्टर मोटरमुळे मिळतो.

डायरेक्ट ड्राइव्हची मोटर दिसायलाही वेगळी असते. मशीनची मागची पत्र्याची झाकणी काढली की ताटाएवढी पसरट चकती दिसते. ती चकती म्हणजे मोटरचा फिरणारा भाग. तिच्या आतल्या कडेला चुंबकांची रांग असते. चकतीच्या आत टबला पक्क्या बसवलेल्या तांब्याच्या गुंडाळ्या असतात. पट्ट्याची लहान मोटर वेगाने फिरून जे काम करते, ते ही मोठ्या व्यासाची मोटर सावकाश फिरून, पण जास्त पीळ देऊन करते. कपडे धुताना ड्रम मिनिटाला 45 ते 50 फेरे घेतो तेव्हा ही मोटरही तेवढेच घेते. पट्ट्याची मोटर त्याच वेळी सहाशेच्या आसपास फिरत असते.

आवाज कुठून येतो

मशीनचा आवाज दोन टप्प्यांत ऐकायला हवा. धुण्याच्या टप्प्यात ड्रम सावकाश फिरतो, थांबतो, उलट फिरतो. तेव्हा पाण्याचा आणि कपडे आपटण्याचा आवाज मुळातच कमी असतो, म्हणून मोटरचा आवाज उठून येतो. कार्बनची मोटर दिशा बदलताना दर वेळी घूं करते. पट्टा सैल झालेला असेल तर भरलेला ड्रम हलवताना तो पुलीवरून घसरतो आणि किंचाळल्यासारखा आवाज येतो. डायरेक्ट ड्राइव्ह इथे खरोखर शांत असते. वेग बदलताना फार तर बारीक गुणगुण ऐकू येते. पट्ट्याच्या इन्व्हर्टर मशीनचा आवाज तिच्या बऱ्यापैकी जवळ जातो.

पिळण्याच्या टप्प्यात चित्र बदलते. पुन्हा तेच मशीन घेऊ. ड्रमचा व्यास 48 सेंटिमीटर धरला आणि एक जड, ओली चादर एका बाजूला गोळा होऊन अर्धा किलोचा असमतोल झाला, तर 1200 फेऱ्यांना ते अर्धा किलो वजन ड्रमला सुमारे 190 किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते. ही ओढ ड्रमबरोबर फिरते, सेकंदाला वीस वेळा. मशीन थरथरते, जागेवरून सरकते किंवा धडधडते ते यामुळे. हा जोर सोसतात टबच्या वरच्या स्प्रिंगा, खालचे शॉक अॅब्सॉर्बर आणि टबला जोडलेले काँक्रीटचे किंवा लोखंडी वजन. पट्टा आहे की नाही, याने या जोरात फरक पडत नाही.

फरक पडतो तो मोटरवरच्या नियंत्रणाने. पूर्ण वेग पकडण्याआधी मशीन ड्रम मंद फिरवते. असमतोल असला की प्रत्येक फेऱ्यात ड्रमचा वेग किंचित डगमगतो. इन्व्हर्टरचे बोर्ड ही डगमग ओळखते, ड्रम उलटसुलट फिरवून कपडे पसरवते आणि मगच वेग वाढवते. पिळायला वेळ लागतो आहे अशी तक्रार होते, तेव्हा पुष्कळदा मशीन हेच करत असते. एकटी जाड चादर किंवा एकच ब्लँकेट टाकले की हे हमखास घडते, कारण पसरवायला दुसरे कपडेच नसतात.

युरोपात 2021 पासून वीजबचतीच्या लेबलवर फक्त पिळतानाचा आवाज लिहावा लागतो. 73 डेसिबलच्या खाली असेल तर अ दर्जा मिळतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे दोन मशीनच्या आकड्यांत एक-दोन डेसिबलचा फरक असेल तर तो घरात फारसा जाणवत नाही. मशीनचे चारही पाय जमिनीला नीट टेकलेले नसतील, तर त्याहून मोठा फरक पडतो. बाल्कनीतल्या उताराच्या फरशीवर ठेवलेले डायरेक्ट ड्राइव्ह मशीन सपाट जमिनीवरच्या पट्ट्याच्या मशीनपेक्षा जास्त गोंगाट करू शकते.

आधी काय बिघडते

आयुष्याचा विचार करताना झिजणाऱ्या भागांकडे पाहावे लागते. पट्टा रबराचा असतो. तो वर्षानुवर्षे टिकतो, पण कधीतरी कडक होतो, चिरतो किंवा घसरू लागतो. तुटला की मोटरचा आवाज येतो, पण ड्रम जागचा हलत नाही. दुरुस्ती सोपी आणि स्वस्त असते. कार्बनही असेच, ते संपत आले की मोटर अडखळते, पिळताना वेग पकडत नाही, कधी जळका वास येतो. वेळीच बदलले तर मोटर पुन्हा चालू लागते.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये हे दोन्ही भाग नाहीत. मोटर स्वतः क्वचितच बिघडते. बिघडू शकतो तो मोटरमधला फेऱ्यांचा वेध घेणारा छोटा हॉल सेन्सर. तो गेला की ड्रम झटके देतो आणि थांबतो. एलजीच्या मशीनवर अशा वेळी LE हा संकेत दिसतो, मात्र ड्रममध्ये जास्त कपडे कोंबल्यावरही तो येऊ शकतो. याहून महाग प्रकरण इन्व्हर्टर बोर्डाचे. विजेचा दाब अचानक वाढणे, पावसाळी दमट हवा, आत शिरलेल्या झुरळ-उंदरांनी केलेली नासधूस यांनी ते खराब होते आणि बहुधा पूर्ण बदलावे लागते. इन्व्हर्टरच्या पट्टेवाल्या मशीनलाही हा धोका तेवढाच असतो.

पण दोन्ही प्रकारांत मशीनचे यांत्रिक आयुष्य संपवणारा भाग बहुधा एकच असतो: ड्रमच्या दांड्याची बेअरिंग. दांडा टबच्या मागच्या भिंतीतून बाहेर येतो. तिथे पाणी अडवायला रबरी ऑइल सील असते आणि तिच्या मागे दोन बेअरिंग. सील झिजली की साबणाचे पाणी बेअरिंगमध्ये उतरते, ग्रीस धुऊन जाते आणि पोलादाला गंज चढतो. पट्टा दांड्याला एका बाजूला ओढतो म्हणून बेअरिंग लवकर जाते, असे सांगितले जाते. ही ओढ असते खरी, पण असमतोलाच्या 190 किलोपुढे ती बरीच कमी. उलट डायरेक्ट ड्राइव्हमध्ये एक वेगळी अडचण आहे: सीलमधून झिरपलेले पाणी सरळ मागच्या मोटरवर येते. पट्ट्याच्या मशीनमध्ये मोटर खाली, थोडी लांब असते.

बेअरिंग जाऊ लागल्याची खूण ओळखता येते. धुताना मशीन ठीक वाटते, पण पिळताना विमान उडाल्यासारखी घरघर वाढत जाते. मशीन बंद करून रिकामा ड्रम हाताने फिरवावा. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये चुंबकांमुळे हाताला हलके, एकसारखे टप्पे जाणवतात. तो दोष नव्हे. खरखर लागली तर मात्र बेअरिंग झिजलेली आहे. मग ड्रमची वरची कड पकडून वर-खाली हलवावी. टब स्थिर राहून नुसता ड्रम खुळखुळत असेल तर शंका उरत नाही. टब दोन भागांचा, स्क्रूने जोडलेला असेल तर बेअरिंग आणि सील बदलता येते. अनेक नव्या मशीनमध्ये टब वितळवून कायमचा जोडलेला असतो. तिथे सगळा टब बदलावा लागतो आणि तो खर्च पाहून बरेच जण नवे मशीन घेतात.

मोटरवर दहा वर्षांची हमी असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, तेव्हा ही यादी आठवावी. ती हमी बहुतेकदा फक्त मोटरची, म्हणजे मुळातच कमी बिघडणाऱ्या भागाची असते. बोर्ड, बेअरिंग, सील आणि शॉक अॅब्सॉर्बर यांची हमी साधारणपणे त्याहून कितीतरी कमी वर्षांची असते. म्हणून हमीपत्रात बोर्डाचा काळ वेगळा पाहावा आणि टब उघडता येतो का, हे दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे. धुण्याच्या वेळी शांतता हवी, मशीन झोपायच्या खोलीजवळ असेल, तर डायरेक्ट ड्राइव्हचे जास्तीचे पैसे वसूल होतात. मशीन मोरीत किंवा मागच्या बाल्कनीत असेल आणि बजेट मर्यादित असेल, तर पट्ट्याची इन्व्हर्टर मोटर जवळपास तेच काम कमी पैशांत करते. टिकण्याचा प्रश्न मात्र दोन्हींत सारखाच सुटतो: पाय समपातळीत ठेवणे, एकटे जड कापड न पिळणे, क्षमतेपेक्षा जास्त कपडे न कोंबणे आणि घरघर सुरू होताच सील-बेअरिंग तपासून घेणे.