फोन एकच, पाहणारे चार

मंडळी, पालक-नियंत्रणाची बरीच साधनं मुलाचं खातं वेगळं आहे असं धरून चालतात. पण बाबांच्याच फोनवर तिसरीतली मुलगी व्हिडिओ बघते, तेव्हा खातं बाबांचं असतं. मग बाबांनी रात्री बघितलेल्या मारामारीचे भाऊबंद सकाळी तिच्यापुढे येतात.

म्हणून आधी तिच्यासाठी यूट्यूब किड्स घ्या. तिचं प्रोफाइल करताना व्हिडिओ स्वतः मंजूर करण्याचा पर्याय निवडा. मग तुम्ही निवडलेलंच दिसतं आणि सर्च बंद राहतो. पालकांच्या सेटिंगला कुलूप म्हणून हे ॲप गुणाकार विचारतं. तिसरीतल्या मुलीला पाढे येतात की हो! तेव्हा तिथे स्वतःचा पासकोड ठेवा.

आता ॲपमधून बाहेर पडून ती गॅलरीत किंवा पैशांच्या ॲपमध्ये जाऊ नये, यासाठी अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये pin शोधा. App pinning किंवा Screen pinning असं काहीसं नाव दिसेल. ते चालू करा आणि त्याखालचं, बाहेर पडताना पिन विचारण्याचं बटणही चालू करा. मग किड्स उघडून अलीकडच्या ॲपच्या यादीत जा, त्याच्या चिन्हावर बोट ठेवा आणि Pin निवडा.

फोन हातात देण्याआधी स्वतः बाहेर पडून बघा. पिन न विचारता सुटलात, तर दुसरं बटण राहिलंय. आणि पिन टाकताना स्क्रीन तिच्यापासून वळवा. मुलं आपली बोटं बघूनच शिकतात.