अनारशांना हॅशटॅग कुठला?

डोंबिवलीत घरून दिवाळीचा फराळ विकणाऱ्या बाईंनी इन्स्टाग्रामवर अनारशांच्या फोटोखाली #food टाकलं, तर तो फोटो जगभरच्या पिझ्झा-बर्गरच्या ढिगाऱ्यात जातो. तिथे गिऱ्हाईक कसलं भेटणार?

त्यापेक्षा आधी सर्चमध्ये एकेक टॅग टाकून आतल्या पोस्ट नीट बघाव्यात. #anarsa उघडल्यावर नुसते रेसिपीचे व्हिडिओ दिसले, तर तिथे येणारी माणसं स्वतः करणारी आहेत, विकत घेणारी नव्हेत. #dombivlifood मध्ये मात्र शेजारपाजारचे विक्रेते आणि या आठवड्यातल्या पोस्ट दिसल्या, तर टॅग छोटा असला तरी कामाचा. शेवटची पोस्ट वर्षापूर्वीची असेल, तर सोडून द्यावा.

राहिला स्वतःच्या नावाचा टॅग. तो अनोळखी माणूस शोधत नाही, त्यामुळे त्यातून नवं गिऱ्हाईक येत नाही. पण डब्यावर छापला, तर गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो एका जागी सापडतात. ठरवण्याआधी तो दुसऱ्या कुणी वापरत नाही ना, हे बघावं. मधे जागा किंवा आडवी रेघ आली, की टॅग तिथेच तुटतो.

किती टाकायचे? एकेकाळी लोक 30-30 टॅग ठोकायचे. 2021मध्ये इन्स्टाग्रामनेच 3 ते 5 पुरे म्हटलं. माझ्या मते एक मोठा (#diwalifaral), दोन-तीन गावाचे-पदार्थाचे आणि एक स्वतःचा. मग ‘इनसाइट्स’मध्ये फॉलो न करणारे किती आले, ते पाहून पुढच्या पोस्टला एखादाच टॅग बदलावा. सगळे एकदम बदलले, तर फरक कशाने पडला ते कळत नाही.